व्हॉट्सॲप मराठी केलं, तरी परत इंग्रजी होतंय? आधी हे तपासा

नाशिकरोडला माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही रोजची कामं. त्याशिवाय एक बिनपैशांचं काम आहे, ते काही संपत नाही. "भाऊ, तेवढं व्हॉट्सॲप मराठी करून दे." दोन मिनिटांत करून देतो. आठ दिवसांनी तोच माणूस तोच फोन घेऊन दारात उभा असतो, "परत इंग्रजी झालं बघ."

आधी मला वाटायचं, लोकच कुठेतरी बोट लावतात. पण दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांनी याच तक्रारीसाठी मला तीनदा गाठलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. काकांना दिसणारी गोष्ट मात्र एकच होती, ती म्हणजे इंग्रजी अक्षरं. तुमची तक्रार अशीच असेल तर या तिन्हींपैकी एक बहुधा तुमचंही असेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी फोन इंग्रजीत का, ते सांगतो. काकांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, पण फोन इंग्रजीत ठेवायला मुलाने लावलं. तो पुण्याला नोकरी करतो. बँकेच्या ॲपमध्ये काही अडलं की काका त्याला फोन लावतात आणि तो तिकडून सांगतो, "Settings उघडा, खाली Apps आहे, त्यात जा." फोन मराठीत असताना समोर वेगळेच शब्द यायचे आणि त्या मराठी मेनूतलं नेमकं नाव मुलाला आठवायचं नाही. दहा मिनिटं दोघं एकमेकांवर वैतागायचे. मग दिवाळीत घरी आल्यावर त्याने फोन सरळ इंग्रजी करून टाकला. हे कारण मी इतक्या घरांत ऐकलंय की "फोनच मराठी करून टाका" असा सल्ला देणं मी सोडून दिलं. फोन इंग्रजी आणि गप्पांचं ॲप मराठी, ही मांडणी अगदी रास्त आहे. फक्त ती नीट बसवावी लागते.

आता हे दोन वेगळे कसे राहू शकतात? अँड्रॉइडवरच्या कुठल्याही ॲपच्या आत त्याची सगळी वाक्यं भाषेप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असतात. मराठीचा कप्पा `values-mr` नावाचा आणि नाव नसलेला एक मूळ कप्पा, जो बहुतेक वेळा इंग्रजी असतो. ॲप उघडलं की ते फोनला विचारतं, "तुझी भाषा कोणती?" आणि त्याप्रमाणे कप्पा उघडतं. हा झाला नेहमीचा शिरस्ता. पण ॲप बनवणाऱ्याने सोय दिली असेल तर ॲप स्वतःजवळ एक चिठ्ठी ठेवतं, "फोन काहीही म्हणो, मला मराठी दाखवायचंय." ही चिठ्ठी असते ॲपच्या स्वतःच्या डेटात. फोनच्या भाषेला तिचा पत्ताही नसतो. चिठ्ठी आहे तोवर मराठी, चिठ्ठी गेली की ॲप पुन्हा फोनला विचारायला लागतं. त्यामुळे ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा सेटिंगमधून Clear data केलं, तर भाषा परत फोनची होणार हे धरूनच चाला.

काका पहिल्यांदा आले तेव्हा मी व्हॉट्सॲपच्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून Settings मध्ये गेलो आणि App language उघडलं. शेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र असतं, तीच ओळ. काही जुन्या आवृत्त्यांत ती Chats च्या आत सापडते. यादीत टिंब होतं सगळ्यात वरच्या ओळीवर, म्हणजे फोनच्या भाषेवर. काका म्हणाले, "पण मी मराठीच ठेवलं होतं." तेही खरंच बोलत होते. दिवाळीआधी फोन मराठीत होता. त्यामुळे वरची ओळ तेव्हा 'मराठी' अशी दिसत होती आणि तिच्यापुढे कंसात ही फोनची भाषा असल्याचं बारीक लिहिलेलं होतं. काकांना मराठी हवी होती, ती दिसत होती, विषय संपला. प्रत्यक्षात ॲपजवळ मराठीची चिठ्ठी नव्हतीच. ते फोनमागे चालत होतं. मुलाने फोन इंग्रजी केला त्या मिनिटाला व्हॉट्सॲपही इंग्रजी झालं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फोन हव्या त्या भाषेत आणा, म्हणजे इथे इंग्रजीत. मग ॲपमध्ये जाऊन खालच्या यादीतली 'मराठी' निवडा, जिच्याजवळ फोनच्या भाषेचा उल्लेख नाही. उलट्या क्रमाने केलं तर तुम्ही काही निवडलंय असं फक्त वाटतं. मी फोन इंग्रजीत असताना मराठी निवडली, ॲप बंद करून उघडून दाखवलं आणि काका खुशीत गेले.

नऊ-दहा दिवसांनी पुन्हा हजर.

या वेळी मी आधी काहीच बदललं नाही, नुसतं App language चं पान उघडलं. ही सवय लावून घ्या, कारण अर्धं निदान तिथेच होतं. पानावर फोनची भाषा निवडलेली दिसली तर चिठ्ठी बसलीच नव्हती किंवा पुसली गेली. पानावर मराठी निवडलेली आहे आणि तरी ॲप इंग्रजी दिसतंय, तर भानगड दुसरीकडे आहे. काकांच्या फोनवर मराठी निवडलेली होती आणि ॲपही मराठीच दिसत होतं. मी म्हटलं, "काका, मराठीच तर आहे." ते म्हणाले, "आत्ता आहे. घरी गेलो की होतं इंग्रजी." गाडी गॅरेजला नेली की तिचा आवाज बंद होतो, तसला प्रकार वाटला.

तेवढ्यात त्यांना मेसेज आला. कुणा व्यापाऱ्याचा असावा, मालाचा भाव विचारणारा. काकांनी वरून पडदा ओढून त्या मेसेजवर बोट ठेवलं आणि उघडलेलं व्हॉट्सॲप पूर्ण इंग्रजीत! "बघ, झालं ना!" काकांना आपण खरे ठरल्याचा आनंद आणि मी दोन मिनिटं गार. मग त्या नोटिफिकेशनच्या चिन्हाकडे नीट पाहिलं. हिरव्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक बारीक नारिंगी खूण होती.

काकांचे नंबर दोन. एक घरचा, दुसरा बागेच्या व्यवहाराचा, म्हणजे व्यापारी, औषधवाले, छाटणीची टोळी. फोन सॅमसंगचा, त्यामुळे मुलाने Dual Messenger सुरू करून दुसरा नंबर व्हॉट्सॲपच्या दुसऱ्या प्रतीत टाकून दिला होता. शाओमीसारख्या फोनवर हीच सोय Dual apps नावाने असते. ही दुसरी प्रत दिसायला तीच असली तरी तिचा डेटा पूर्ण वेगळा ठेवलेला असतो. चॅट वेगळे, नंबर वेगळा आणि अर्थातच भाषेची चिठ्ठीही वेगळी. मी मराठी केली होती ती पहिल्या प्रतीत. दुसरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ती फोनचं ऐकून इंग्रजीत बसली होती. ऑक्टोबरची गोडी छाटणी संपून बागेची धावपळ वाढली तशी काकांना जास्त मेसेज दुसऱ्या नंबरवर येत गेले. नोटिफिकेशनवरून थेट आत शिरलं की आपण कुठल्या प्रतीत आहोत हे कोण बघतं? त्यांच्या लेखी व्हॉट्सॲप एकच आणि ते मधूनच इंग्रजी होत होतं. खरं तर भाषा एकदाही बदलली नव्हती, दारं दोन होती.

उपाय साधा. खूण असलेलं चिन्ह दाबून ती प्रत उघडायची आणि तिच्याच आत Settings, App language, मराठी असं पुन्हा करायचं. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर तेही वेगळंच ॲप, त्यालाही वेगळं सांगावं लागतं. मला तर वाटतं, "परत परत बदलतं" अशी तक्रार असेल आणि माणूस दोन नंबर बाळगणारा असेल, तर सगळ्यात आधी हेच बघावं. दुकानदार, शेतकरी, रिक्षावाले, आमच्याकडे येणाऱ्यांत दोन सिमवाले काही कमी नाहीत.

तिसऱ्यांदा काका आले नाहीत, फोन आला. "भाऊ, बोलून मेसेज पाठवायला गेलो तर मधेच इंग्रजी पाटी आली." मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी अडखळत वाचलं, "Allow WhatsApp to record audio?" खाली While using the app, Only this time वगैरे. इथे मात्र काही बिघडलेलं नव्हतं. ही पाटी व्हॉट्सॲपची नाही, फोनची आहे. माइक, कॅमेरा, फोटो यांची परवानगी ॲपला स्वतःच्या पाटीवर मागता येत नाही, ती विचारायचा हक्क फोनचाच. म्हणून ती फोनच्या भाषेत येते, ॲप कितीही मराठी करा. मी त्यांना While using the app दाबायला सांगितलं आणि पाटी गेली.

अशा आणखी काही जागा आहेत जिथे ॲप संपतं आणि फोन किंवा दुसरं ॲप सुरू होतं. फोटो शेअर करताना खालून वर येणारी यादी फोनची. कीबोर्ड हे स्वतंत्र ॲप, त्याची भाषा त्याच्या सेटिंगमध्ये. ॲप मराठी केल्याने तुम्हाला आपोआप देवनागरी टाइप करता येत नाही, ही अपेक्षा घेऊन येणारेही बरेच असतात. आणि समोरच्याने इंग्रजीत पाठवलेला मेसेज इंग्रजीतच राहणार. ॲपची भाषा म्हणजे बटणांची आणि सूचनांची भाषा, गप्पांची नव्हे.

कोण बोलतंय, ॲप की फोन, हे ओळखायची माझी एक खूण आहे: आकडे बघा. भाषांच्या ज्या प्रमाण माहितीवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही चालतात, तिच्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत. गंमत म्हणजे लिपी तीच असूनही हिंदीसाठी 1, 2, 3 हे धरलेत. त्यामुळे जे ॲप वेळ-तारीख या प्रमाण पद्धतीने लिहितं, ते मराठीत १०:४२ दाखवतं, तर फोनच्या वरच्या पट्टीवरचं घड्याळ फोन इंग्रजीत असल्यामुळे 10:42 दाखवतं. एकाच स्क्रीनवर दोन तऱ्हेचे आकडे दिसले तर घाबरू नका. दोन भाषा दोन जागी नीट बसल्याचीच ती खूण आहे. कुणाला देवनागरी आकडे खटकतात, त्यांना मी सांगतो की तेवढ्यासाठी हिंदी ठेवू नका, चार दिवसांत डोळे सरावतात.

आता थोडी वेगळी तक्रार: "मराठी निवडलं तर अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी." भाषांतराची वाक्यं ॲपमध्ये एकेक करून शोधली जातात. नवीन सोय आली आणि तिचं मराठी वाक्य अजून कप्प्यात पडलेलं नसलं, तर तेवढ्याच ओळीपुरतं ॲप मूळ कप्प्यातलं इंग्रजी उचलतं. हे पुढच्या अपडेटमध्ये भरून निघू शकतं, तुमच्या फोनवर त्याला उपाय नाही. उलट अगदी सगळं इंग्रजी आणि फक्त 'शोधा' किंवा 'बंद करा' असं एखादंच बटण मराठी दिसलं, तर त्या ॲपला मराठी मुळात येतच नाही. ते एखादं बटण ॲप बनवताना वापरलेल्या गूगलच्या तयार सुट्या भागांतून आलेलं असतं आणि त्या भागांना मराठी येते. अशा ॲपमध्ये मराठीची सेटिंग शोधत बसू नका.

आणखी एक प्रकार क्वचित दिसतो. सेटिंगमध्ये मराठी निवडलेली, प्रत एकच, तरी ॲपच्या आतलं एखादं मदतीचं किंवा अटींचं पान उघडलं की मागचा स्क्रीन इंग्रजी होतो. अशी पानं दाखवायला ॲपच्या आत एक छोटा ब्राउझर उघडतो, त्याला WebView म्हणतात. अँड्रॉइड ७ पासून तो पहिल्यांदा उघडताना ॲपची भाषा पुन्हा फोनच्या भाषेवर नेऊन ठेवतो. ज्यांनी भाषेची सोय हाताने लिहिलीय आणि हे लक्षात घेतलेलं नाही, त्या ॲपमध्ये हा घोळ होतो. ओळखायची रीत अशी: ॲप अलीकडच्या ॲपच्या यादीतून वर ढकलून पूर्ण बंद करा आणि उघडा. मराठी परत आली आणि ते पान उघडल्यावर पुन्हा गेली, तर हेच. बनवणाऱ्याने दुरुस्त करेपर्यंत बंद करून उघडणं एवढंच तुमच्या हातात.

अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोननेच प्रत्येक ॲपच्या भाषेची वही ठेवायला सुरुवात केली. सॅमसंगवर Settings, General management, App languages असं जायचं. इतर फोनवर Settings च्या शोधपट्टीत App languages टाइप केलंत की सापडतं. तिथे ॲप दिसलं तर त्याच्या नावावर टिचकी मारून मराठी निवडा. पण सगळी ॲप तिथे दिसत नाहीत. मला कोणत्या भाषा येतात ही यादी ॲपने फोनला द्यावी लागते, जे देत नाही ते त्या वहीत नसतं. ॲपच्या आतही भाषेची सेटिंग असेल आणि फोनच्या वहीतही, तर दोन्हीकडे एकच भाषा ठेवा. नीट बनवलेल्या ॲपमध्ये एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. तसं होत नसेल तर एकीकडे मराठी, दुसरीकडे इंग्रजी असा झगडा उगाच लावून देऊ नये.

आयफोनवाल्यांचं दुखणं निराळं. इंदिरानगरच्या एक ताई आल्या, "माझ्या व्हॉट्सॲपमध्ये App language ही ओळच नाही." नसणारच. आयफोनवर हे काम व्हॉट्सॲप करत नाही, फोन करतो, iOS 13 पासून. फोनच्या Settings मध्ये ॲपच्या यादीत जाऊन WhatsApp उघडलं की आत Language दिसतं. ताईंना तेही दिसेना. कारण फोनला एकच भाषा माहीत असली की ती ओळ दाखवलीच जात नाही. निवडायला दुसरं काही नाही असं तो धरतो. म्हणून आधी General, Language & Region मध्ये Add Language दाबून मराठी जोडायची. जोडताना फोन विचारतो, मुख्य भाषा कोणती ठेवू? तिथे इंग्रजीच ठेवायची, नाहीतर सगळा फोन मराठी होतो. मग परत WhatsApp मध्ये या, Language दिसेल, मराठी निवडा. ताईंचं काम तीन मिनिटांत झालं.

सिग्नल वापरणारे थोडे, पण आहेत. अँड्रॉइडवर त्यात Settings, Appearance, Language असा रस्ता आहे.

शेवटची अडचण म्हणजे नातवंडं. आजीच्या फोनशी खेळताना व्हॉट्सॲप तमिळ करून ठेवतात आणि मग आजीला, मला, कुणालाच काही वाचता येत नाही. अशा वेळी अक्षरं वाचायच्या फंदात पडू नका. तीन ठिपके, यादीतली सगळ्यात खालची ओळ, मग पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे बाकी सगळं तमिळ असलं तरी 'मराठी' हा शब्द देवनागरीतच सापडतो. आणि हो, दोन नंबर असतील तर दुसरी प्रतही उघडून बघा, पोरांनी तिलाही सोडलेलं नसतं.